गुन्हा जुना, भीती नवी

लंडनच्या वॉटर्लू स्थानकाजवळ ऑगस्ट १९७२ मध्ये एका वृद्धाचा भोसकून खून झाला. वाटेत अडवून लुटणे लंडनला नवे नव्हते; नवे होते ते वृत्तपत्रांनी वापरलेले 'मगिंग' हे नाव. अमेरिकेतून आलेला हा शब्द तेथील महानगरांची दहशतही सोबत घेऊन आला.

पाठोपाठ, चार वर्षांत 'मगिंग' १२९ टक्क्यांनी वाढल्याचे छापून आले. गंमत अशी, की ब्रिटिश कायद्यात या नावाचा गुन्हाच नव्हता. मग मोजले तरी काय? स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या ग्रंथात नेमके हेच विचारले. जबरी चोऱ्या वाढत होत्या हे खरे. परंतु आधीच्या दशकात त्यांच्या वाढीचा वेग अधिक होता.

न्यायाधीश कठोर शिक्षा देताना जनतेच्या चिंतेचा दाखला देत, वृत्तपत्रे त्यांचेच उद्गार मथळ्यांत छापत आणि ते मथळे पुन्हा जनतेच्या चिंतेचा पुरावा ठरत. बर्मिंगहॅममधील हँड्सवर्थ येथे एका वाटसरूला लुटून गंभीर जखमी करण्यात आले. लुटारूंच्या हाती लागले ३० पेन्स, चाव्या आणि पाच सिगारेटी. मार्च १९७३ मध्ये सोळा वर्षांच्या मुख्य आरोपीला वीस, तर त्याच्या दोघा साथीदारांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर वार्ताहर गुन्ह्यापेक्षा हँड्सवर्थच्या स्थलांतरित वस्तीविषयीच अधिक लिहू लागले.