बेहाला चौरस्ता की बेहाला बाजार?

कोलकात्याच्या दक्षिण भागातील बेहालातून, डायमंड हार्बर रस्त्याच्या वरून धावणाऱ्या मेट्रोच्या जोका ते तारातला या टप्प्याचे ३० डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले, आणि त्यावर बेहाला हे नाव धारण करणारी दोन स्थानके लागोपाठ आली: बेहाला चौरस्ता आणि बेहाला बाजार. म्हणून गाडी चालवताना व्हॉइस असिस्टंटला ‘बेहाला मेट्रोचा रस्ता सांग’ असे कोणी सांगितले, तर शब्द अचूक ऐकूनही यंत्रापुढे दोन पर्याय उरतात. अशा वेळी प्रश्न विचारावा, की अधिक संभाव्य स्थानक गृहीत धरून रस्ता सांगायला लागावे, याचा निर्णय त्याला क्षणार्धात घ्यावा लागतो.

पडद्यावर दोन नावे दाखवली, तर नजर टाकून एकावर बोट ठेवता येते. आवाजात मात्र शब्द एकामागून एकच येतात. प्रश्न उच्चारण्यास तीन सेकंद, विचार करून उत्तर देण्यास अडीच, आणि उत्तर संपले हे ओळखून पुढची प्रक्रिया करण्यास दीड, असे धरले तरी एका प्रश्नाचा खर्च सात सेकंदांवर जातो. टान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा भाषांच्या अभ्यासात असे आढळले होते की प्रश्न आणि उत्तर यांमध्ये माणसे सरासरी सुमारे पाव सेकंदाहून अधिक थांबत नाहीत. बोलणे संपत आल्याची चाहूल माणसाला आधीच लागते. बरीच यंत्रे मात्र शांतता पसरण्याची वाट पाहतात, आणि ती वाट कमी केली तर अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तोडले जाते.

या पेचाची स्पष्ट गणिती मांडणी एरिक हॉर्विट्झ यांच्या १९९९ मधील निबंधात सापडते. प्रत्येक कृतीची अपेक्षित हानी, म्हणजे चूक होण्याची संभाव्यता गुणिले चुकीची किंमत, काढावी आणि ती प्रश्नाच्या खर्चाशी ताडून पाहावी, असा तिचा आशय आहे. वरील उदाहरणात चौरस्ता अभिप्रेत असण्याची संभाव्यता ८० टक्के मानली आणि चुकीच्या स्थानकामुळे दहा मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद, वाया जातात असे धरले, तर न विचारता पुढे जाण्याची अपेक्षित हानी १२० सेकंद होते. सात सेकंदांचा प्रश्न अर्थातच स्वस्त पडतो. परंतु त्याच व्यक्तीने ‘बेहाला मेट्रो कोणत्या मार्गावर आहे’ एवढेच विचारले असते, तर दोन्ही स्थानकांचे उत्तर एकच असल्याने चुकीची किंमत शून्य ठरली असती आणि प्रश्न निव्वळ अडथळा झाला असता. संदिग्धता दोन्हीकडे सारखीच आहे; फरक परिणामांत आहे, आणि हेच न पाहता नुसता संशय आला की विचारणारी यंत्रणा लोकांना नकोशी होते.

विचारणे आणि मुकाट्याने पुढे जाणे यांच्या मधला एक मार्ग आहे, त्याला गर्भित पुष्टी म्हणतात: ‘बेहाला चौरस्ता स्थानकाकडे, पुढे डावीकडे वळा’ असे म्हणून यंत्र काम सुरू करते आणि गृहीत धरलेले नाव त्याच वाक्यात ऐकवते. चूक लगेच लक्षात येऊन दहा सेकंदांत दुरुस्त होणार असेल, तर अपेक्षित हानी दोनच सेकंद उरते आणि पुढे जाणे योग्य ठरते. मात्र रहदारीच्या गोंगाटात निम्मे लोक ते नाव ऐकत नसतील, तर चुकीची सरासरी किंमत ३०५ सेकंद आणि अपेक्षित हानी ६१ सेकंद होते, आणि पारडे पुन्हा प्रश्नाकडे झुकते. तेव्हा नाव वाक्याच्या आरंभी यावे, दिशादर्शनाच्या शेपटाला नव्हे, हा तपशील लहान दिसला तरी निर्णायक आहे.

प्रश्न कोणता विचारायचा, हेही संशय कशाचा आहे त्यावर अवलंबून असते. याच मार्गावर साखेरबाजार नावाचे आणखी एक स्थानक असून, गोंगाटात नावाचा पूर्वार्ध बुडाला तर यंत्राच्या हाती केवळ ‘बाजार’ लागते. हा अर्थाचा नव्हे, श्रवणाचा संशय होय. येथे ‘पुन्हा सांगा’ म्हटल्याने तोच शब्द त्याच गोंगाटात पुन्हा बुडण्याचा धोका राहतो, उलट ‘साखेरबाजार की बेहाला बाजार?’ असे विचारल्यास ऐकणाऱ्याला नेमका कोणता भाग स्पष्ट उच्चारायचा ते कळते. शहरात नव्याने आलेल्या माणसाला मात्र दोन्ही नावे सारखीच अनोळखी असतात. ‘तुम्हाला तिथे कुठे जायचे आहे?’ हा प्रश्न लांब असला तरी त्याचे उत्तर त्याच्यापाशी असते.

हे सारे गणित यंत्राच्या स्वतःविषयीच्या अंदाजावर उभे आहे. ज्या वेळी त्याने ‘८० टक्के खात्री’ नोंदवली, अशा सर्व प्रसंगांपैकी खरोखर ८० टक्के बरोबर निघाले का, हे पडताळून पाहावे लागते. शांत खोलीतील ध्वनिमुद्रणांवर जुळलेला हा हिशेब रस्त्यावर किंवा अपरिचित उच्चारांपुढे ढळू शकतो, आणि मग यंत्र खात्रीने चुकते. पडताळणीसाठी ‘नाही, दुसरे’ असे म्हणून केलेल्या दुरुस्त्या उपयोगी पडतात, पण चुकीच्या स्थानकावर उतरून काही न बोलता पुढे गेलेला प्रवासी त्या नोंदीत यशस्वी म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे अशा नोंदींतून काढलेली चुकीची किंमत प्रत्यक्षाहून कमी भरते आणि यंत्र जिथे विचारायला हवे होते तिथेही पुढे जात राहते.