मैफलीची चौकट कशी वाचावी

दिवाळी संपली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गाण्याच्या कार्यक्रमांच्या चौकटी दिसू लागतात. वर गायिकेचं छायाचित्र आणि खाली चार ओळी: शास्त्रीय गायनाची मैफल, अमुक नाट्यगृह, सायंकाळी साडेपाच, साथसंगत तबला आणि संवादिनी, प्रवेशिका नाट्यगृहावर उपलब्ध, काही जागा राखीव. वर्षानुवर्षं गाणं ऐकणाऱ्याला एवढं पुरतं, कारण उरलेलं त्याला ठाऊक असतं. पण पहिल्यांदाच जाऊ पाहणाऱ्या माणसाला नेमकं तेच उरलेलं हवं असतं. तिथे काय ऐकायला मिळेल, किती वेळ बसावं लागेल, जमिनीवर की खुर्चीवर, तिकीट काढलं तर जागा नक्की मिळेल का, यांतलं चौकट काही सांगत नाही, आणि तो घरीच राहतो.

पहिली ओळ घेऊ. ‘शास्त्रीय गायन’ असं छापलं की महाराष्ट्रात त्याचा अर्थ बहुतेक वेळा ख्याल असा असतो. मैफलीचा बराचसा वेळ एकाच रागाला जातो. त्याची सुरुवात बड्या ख्यालाने, म्हणजे विलंबित लयीतल्या बंदिशीने होते. ही बंदिश पुष्कळदा एकतालात असते. एकतालाच्या मात्रा १२. किराणा घराण्याच्या गायकीत ही लय इतकी संथ असते की एका मात्रेला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे तबल्याचं एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण ते एक मिनिट. एवढ्या अवकाशात गायिका खालच्या सुरांपासून एकेक सूर उलगडत वर जाते, आणि आवर्तन संपत आलं की बंदिशीचा मुखडा, तिचे पहिले दोन-तीन शब्द, घेऊन समेवर येते. मग पुन्हा नवं आवर्तन.

नवखा श्रोता गडबडतो तो इथेच. दहा मिनिटं झाली तरी तेच दोन शब्द, म्हणजे गाणं अजून सुरू व्हायचंय असं त्याला वाटतं. गाणं तर केव्हाच सुरू झालेलं असतं. शब्द सोडून द्यावेत आणि मुखडा परत येतो त्या क्षणाकडे लक्ष ठेवावं. तबल्याचा ठेका चालू असताना गायिका निवांत पसरलेली असते, मग एकाएकी शब्द जवळ येतात, मुखडा उचलला जातो आणि समेवर सभागृहातल्या माना एकदम हलतात. अशी तीन-चार आवर्तनं लक्ष देऊन ऐकली की पुढची सम कुठे येणार याचा अंदाज कानाला येऊ लागतो. त्यानंतर कंटाळा येत नाही. पुढे द्रुत बंदिश आणि ताना येतात, एखादा दुसरा राग होतो, कधी ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग आणि शेवटी भैरवी.

म्हणून पहिल्या ओळीत ‘ख्याल गायन’ हे शब्द हवेत, आणि शक्य तर घराण्याचं नावही. जयपूर-अत्रौलीची गायिका असेल तर लय किराण्यापेक्षा जरा चढी, आकारातली आलापी आणि नट-कामोद किंवा बसंती-केदार यांसारखे जोडराग कानी पडण्याची शक्यता अधिक. आग्र्याचा गायक असेल तर नोमतोम आणि बोलांशी लयीचा खेळ. रागाचं नाव मात्र आधी छापू नये, असं माझं ठाम मत आहे. तो दिवस, ती वेळ, गळ्याची स्थिती आणि समोरचे श्रोते पाहून राग ठरवण्याचा हक्क कलावंताचाच. वेळेवरून श्रोत्यालाही थोडा अंदाज बांधता येतो. साडेपाचला सुरू होणाऱ्या मैफलीत मुलतानी, मधुवंती किंवा पूरिया धनाश्री, आठनंतर यमन, भूप, बागेश्री. आणि ‘अविस्मरणीय’, ‘स्वर्गीय’, ‘मंत्रमुग्ध करणारी’ ही विशेषणं काढून टाकली तर ‘एक राग साधारण पाऊण तास, मैफल दोन तास, मध्यंतर नाही’ एवढी माहिती आरामात मावते.

आता ठिकाण. मैफल बंद सभागृहात आहे की उघड्या मैदानावर, यावर ती कधी संपणार हे ठरतं. २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५, दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देता येते. याचा सगळ्यांत ठळक परिणाम पुण्यात दिसला. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. आता मैदानावरचा मंडप रात्री १० ला, सूट मिळालेल्या दिवशी १२ ला, शांत करावा लागतो. दरबारी, मालकंस यांसारखे उत्तररात्रीकडे झुकणारे राग त्यामुळे मागे पडले, हे नुकसान मोठं आहे. तोडी, भैरव ऐकायचे तर सकाळच्या मैफलींच्या चौकटी वेगळ्या शोधाव्या लागतात.

बंद सभागृहाचा प्रश्न निराळा. आपली बहुतेक नाट्यगृहं नाटकासाठी बांधलेली आहेत. तिथे शब्द पोचले की काम झालं, पण तानपुऱ्याचा झणकार फार नाजूक असतो. बाल्कनीच्या खाली, अगदी मागच्या रांगांत, तो विरून जातो आणि गाणं दुरून आल्यासारखं वाटतं. पहिल्या दोन रांगांच्या टोकाला बसलात तर शेजारच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज गळ्यापेक्षा मोठा लागतो. मुंबईत नरिमन पॉइंटला १९८० साली सुरू झालेलं एनसीपीएचं टाटा थिएटर याला अपवाद आहे. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते भारतीय संगीत डोळ्यांसमोर ठेवून पंख्याच्या आकारात रचलं, म्हणजे श्रोता कलावंतापासून लांब पडत नाही. इतर ठिकाणी मधल्या पट्ट्यातली पाचव्या ते दहाव्या रांगेतली जागा मागावी. थोडं उजवीकडे बसता आलं तर आणखी चांगलं. तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, गायकाकडे किंचित वळून बसतो, आणि आपल्या उजवीकडून त्याचे हात नीट दिसतात. सम कुठे पडते हे शिकायला डोळ्यांची मदत कानांइतकीच होते.

‘भारतीय बैठक’ हे दोन शब्द चौकटीत दिसले की त्यांचा अर्थ नीट समजून घ्या. सतरंजीवर पांढरी चादर, पाठीला टेकायला काही नाही, चपला बाहेर. जागेला क्रमांक नसतो, जो आधी येईल तो पुढे बसेल. मोठ्या महोत्सवांत हाच विभाग सगळ्यांत स्वस्त आणि कलावंताच्या जवळचा असतो, म्हणून जाणकार तो सोडत नाहीत. पण गुडघे दुखत असतील, तर दीड तासानंतर लक्ष रागाकडे न राहता पायांकडे जातं. मागे खुर्च्या आहेत का आणि त्या वेगळ्या तिकिटावर आहेत का, हे आधी विचारावं. चौकटीत ‘ज्येष्ठांसाठी खुर्च्यांची सोय’ अशी ओळ असली तर वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला केवढा दिलासा मिळतो! उशीर झाला तर काय, हेही छापलं पाहिजे. विलंबित ख्याल चालू असताना रांगेतून वाट काढणं गाणाऱ्यालाही त्रासाचं आणि ऐकणाऱ्यालाही. दारापाशी थांबावं आणि बंदिश संपल्यावर आत शिरावं.

तिकिटाच्या ओळीत सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. ‘प्रवेश विनामूल्य’ म्हणजे कुणीही कधीही यावं असं नाही. कित्येकदा विनामूल्य प्रवेशिका दोन दिवस आधी घ्यावी लागते. ‘काही जागा राखीव’ म्हणजे पुढच्या रांगा देणगीदार, सभासद आणि निमंत्रितांच्या. त्या किती रांगा हे क्वचितच लिहिलेलं असतं. सन्मानिका ज्याच्याकडे आहे त्यालाही वेळेनंतर जागेची खात्री नसते. अनेक तिकिटं ५०० रुपयांवर येऊन थांबतात, त्यामागे एक साधं कारण असावं. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशशुल्काला वस्तू व सेवा कर माफ आहे, त्यापुढे तो लागतो. ऑनलाइन काढलंत तर वर सुविधा शुल्क येतं, खिडकीवर ते द्यावं लागत नाही. महोत्सव असेल तर सगळ्या दिवसांचं सीझन तिकीट आणि एका दिवसाचं तिकीट असे दोन प्रकार असतात. नवख्याने एका दिवसाचं घ्यावं.

या सगळ्यातून एक बरी चौकट कशी तयार होईल, ते लिहून दाखवतो. नाव-गाव रिकामं ठेवतो:

‘ख्याल गायन, किराणा घराणे. गायिका: …. साथसंगत: तबला …, संवादिनी …, तानपुरा आणि स्वरसाथ …. शनिवार, सायंकाळी ५.३० ते ७.३०, मध्यंतर नाही. पहिला राग साधारण पाऊण तास. सुरुवात वेळेवर, उशिरा येणाऱ्यांना पहिल्या बंदिशीनंतर प्रवेश. बंद सभागृह, तळमजला. पुढे भारतीय बैठक (क्रमांक नाहीत), मागे क्रमांकित खुर्च्या. बैठक २०० रुपये, खुर्ची ४००, विद्यार्थ्यांना बैठक ५०. पहिल्या दोन रांगा राखीव. तिकिटे बुधवारपासून सभागृहावर, सकाळी ९ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ८. कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे परत. संपर्क: ….’

यात एकही विशेषण नाही, आणि गायिका मोठी असेल तर त्याची गरजही नाही. तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्यांची नावं मी मुद्दाम घातली आहेत. दोन तास सूर धरून ठेवणाऱ्यांना बहुतेक चौकटी वगळतात, हे अन्यायाचं आहे. ‘तळमजला’ हा शब्द ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी. तुमच्या गावातल्या संगीत मंडळाच्या चौकटीत यातलं काही नसेल, तर दिलेल्या क्रमांकावर फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: मैफल किती वेळ चालेल, खुर्ची आहे का, आणि राखीव रांगा सोडून किती जागा उरतात. दोन-चार जणांनी हेच विचारलं, तर पुढच्या वेळी ते छापून येईल.