चित्रजोड – भाग ७ : पंचगंगेतली म्हैस रंकाळ्यात

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, पुढे हलगी. त्या आठवड्यात डिजिटल बोर्ड करणाऱ्यांकडे अशा मागण्या येतात, की म्हैस एका फोटोतली आणि पाणी दुसऱ्या फोटोतलं. आजच्या भागासाठी तसाच एक जोड घेऊ. म्हशीचा फोटो पंचगंगा घाटावरचा, दुपारच्या उन्हातला, गढूळ पाण्यात पोटापर्यंत बुडालेल्या म्हशीचा. तिला ठेवायचंय रंकाळ्यात, संध्याकाळी, मागे शालिनी पॅलेस आणि पाण्यावर तांबूस-सोनेरी उजेड.

गेल्या भागात आपण कडा फेदर करून पाहिल्या होत्या. इथे फेदर कमी पडतं. म्हशीभोवती घाटावरच्या पाण्याची एक पट्टी राहतेच, आणि फेदरनं ती फक्त अस्पष्ट होते. मातकट पाण्याचं वलय सोनेरी पाण्यात विरत जाताना दिसतं. म्हैस अगदी अंगालगत कापली, तर पाणी अंगाला भिडतं तिथली ओलसर, थरथरती रेघ जाते आणि म्हैस पुठ्ठ्याची वाटते. ती रेघ राहायला हवी आणि पाण्याचा रंग मात्र रंकाळ्याचा व्हायला हवा.

याचं उत्तर पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्र्यू ब्लेक या तिघांनी २००३ साली मांडलं, तेव्हा ते मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात होते. चिकटवायच्या तुकड्यातून पिक्सेलचे रंग उचलायचेच नाहीत, शेजारच्या दोन पिक्सेलांमधला फरक तेवढा उचलायचा. या पिक्सेलपेक्षा पुढचा दोनने उजळ, त्यापुढचा बत्तीसने गडद, असे चढउतार. सुरुवात कुठल्या आकड्यापासून करायची हे मूळ फोटो ठरवत नाही, नव्या जागेची कड ठरवते. आपल्या डोळ्याला सावकाश होणारा बदल फारसा जाणवत नाही, एकदम झालेली उडी मात्र लगेच जाणवते. त्यामुळे उडी पुसून तोच फरक हळूहळू आत पसरवला, तर जोड लपतो.

एका ओळीवर आकडे घालून पाहू. शून्य म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. घाटावरच्या फोटोत एका आडव्या ओळीत सहा पिक्सेल आहेत असं समजा : ६०, ६२, ३०, २८, ६४, ६०. दोन्ही टोकांना पाणी, मधले ३० आणि २८ म्हणजे म्हशीची पाठ. रंकाळ्याच्या फोटोत त्याच जागी डाव्या टोकाचं पाणी १०० आहे आणि सूर्याकडच्या उजव्या टोकाचं १४०. म्हणजे डावीकडे ४० वाढवायला हवेत, उजवीकडे ८०. मधे काय करायचं? मूळ चढउतारांना कमीत कमी धक्का लागायचा असेल, तर ही वाढ एकसारख्या पायऱ्यांनी चढवायची : ४०, ४८, ५६, ६४, ७२, ८०. बेरीज केली की नवी ओळ येते १००, ११०, ८६, ९२, १३६, १४०. दोन्ही टोकं रंकाळ्याच्या पाण्याशी तंतोतंत जुळली, आणि प्रत्येक पायरीवर मूळ फरकात फक्त आठची भर पडली.

चित्र आडवं-उभं दोन्हीकडे पसरलेलं असतं, त्यामुळे सरळ पायऱ्या पुरत नाहीत. तिथे नियम असा, की आतल्या प्रत्येक पिक्सेलची वाढ ही त्याच्या चार शेजाऱ्यांच्या वाढीची सरासरी असली पाहिजे आणि कडेवर ती दोन फोटोंमधल्या फरकाइतकी. हलगीचं कडं वेडंवाकडं, कुठे उंच कुठे सखल केलं आणि त्यावर कातडं ताणलं, तर मधे ते जो आकार घेईल, तोच या वाढीचा आकार. कड्यापाशी तीव्र, मधे सपाट होत जाणारा, कुठेही टेंगूळ नसलेला. गणितात वाढीसाठीच्या या नियमाला लाप्लास समीकरण म्हणतात, आणि तोच नव्या चित्राच्या रंगांसाठी लिहिला की पॉइसन समीकरण. सहाशे बाय चारशे पिक्सेलच्या तुकड्यात प्रत्येक रंगासाठी दोन लाख चाळीस हजार अज्ञात संख्या येतात. पण प्रत्येक समीकरणात शेजारचे चारच, म्हणून साधा संगणकही ते चटकन सोडवतो. स्टुडिओत नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवायला जो हीलिंग ब्रश फिरवतात, तो २००२च्या फोटोशॉप ७ मध्ये आला. त्याचं गणितही याच घराण्यातलं.

आता वरच्या ओळीकडे पुन्हा बघा. टोकं जुळली, पण पाठीचं काय झालं? ३० आणि २८ होते, त्यांचे ८६ आणि ९२ झाले. काळीभोर म्हैस राखाडी पडली. या तंत्राचा हा स्वभावच आहे, आणि बहुतेक फसलेले जोड इथेच फसतात. कडेवरची दुरुस्ती पाण्यापुरती थांबत नाही, ती आतल्या सगळ्याला लागते, कारण आत पाणी कुठलं आणि म्हैस कुठली हे समीकरणाला ठाऊकच नसतं.

रंगात तर हे जास्तच बोचतं, कारण लाल, हिरवा, निळा हे तिन्ही वेगवेगळे सोडवले जातात. घाटाच्या पाण्याचा लाल-हिरवा-निळा १२०, ९५, ७० धरा, आणि रंकाळ्याच्या पाण्याचा २००, १५०, ११०. कडेवर वाढ हवी ८०, ५५, ४०. कड सगळीकडे अशीच असेल, तर आतही तीच वाढ लागेल. म्हशीचा २५, २५, २८ हा काळा रंग मग १०५, ८०, ६८ होतो. हा काळा नव्हे, विटकरीकडे झुकलेला तपकिरी. मुऱ्हा म्हैस विकत घेतलेल्या माणसाला असा बोर्ड दाखवायची माझी तरी हिंमत नाही.

चूक कुठे आहे, तर बेरजेत. उजेड वस्तूवर बेरजेनं पडत नाही, गुणाकारानं पडतो. संध्याकाळच्या उजेडानं पाणी दीडपट-पावणेदोनपट उजळलं, तर काळी पाठही तेवढ्याच पटीनं उजळेल. आणि पंचवीसचं पावणेदोनपट म्हणजे जेमतेम चव्वेचाळीस, अजून काळंच. म्हणून आकड्यांऐवजी त्यांच्या लॉगरिदमवर हेच समीकरण सोडवतात. लॉगमध्ये फरक म्हणजे मूळ आकड्यांतलं गुणोत्तर. वरच्या उदाहरणात गुणोत्तरं येतात १.६७, १.५८, १.५७, आणि म्हैस येते ४२, ३९, ४४ वर. काळी, किंचित उजळलेली, हवी तशी.

तयार सॉफ्टवेअरमध्ये लॉगची सोय नेहमी नसते. तिथे मी तेच दुसऱ्या वाटेनं करतो : आधी अख्ख्या म्हशीच्या फोटोला गुणोत्तरांनी गुणून पाणी पाण्याच्या जवळ आणायचं, मग उरलेला बारीक फरक समीकरणावर सोडायचा. फोटोशॉपवाल्यांनी हेच काम लेव्हल्समध्ये एकेक चॅनेल उघडून करावं. ओपनसीव्हीत ते असं :

```python
import cv2, numpy as np
src = cv2.imread("mhais.jpg")
dst = cv2.imread("rankala.jpg")
mask = cv2.imread("mask.png", 0)
k = np.array([1.57, 1.58, 1.67])
src = np.clip(src * k, 0, 255).astype(np.uint8)
out = cv2.seamlessClone(src, dst, mask, (820, 610),
                        cv2.NORMAL_CLONE)
cv2.imwrite("jod.png", out)
```

ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल अशा क्रमानं ठेवतं, म्हणून `k` मधले आकडे उलटे दिसतात. `(820, 610)` ही रंकाळ्याच्या फोटोतली जागा. तिथे म्हशीच्या फोटोचा मध्य येत नाही, मास्कमधल्या पांढऱ्या भागाला वेढणाऱ्या चौकोनाचा मध्य येतो. हे ध्यानात नसेल तर म्हैस भलतीकडेच उगवते, आणि चौकोन फोटोबाहेर गेला तर प्रोग्रॅमच थांबतो. आणखी एक : हे फंक्शन दुरुस्ती मास्कच्या कडेवर न अडवता त्या चौकोनाच्या कडेवर अडवतं. त्यामुळे शालिनी पॅलेसचा कोपरा चौकोनात आला, तर मास्कबाहेर असूनही त्याचा रंग थोडा हलू शकतो. मग निकालातला मास्कजवळचा भाग तेवढा ठेवून बाकी मूळ फोटो परत बसवायचा. गुणताना ओल्या पाठीवरची चमक आणि शिंगांचा रंग २५५ च्या वर जाऊन सपाट पांढरा होत नाही ना, तेही पाहून घ्या.

मास्क कुठून काढायचा यावर निम्मं काम अवलंबून आहे. रेघ पाण्यातून गेली पाहिजे, म्हशीवरून नाही. सहाशे पिक्सेल रुंदीच्या तुकड्यात मी अंगाबाहेर पंधरा-वीस पिक्सेल पाणी ठेवतो. रेघ एके ठिकाणी जरी पाठीवरून गेली, तरी तिथे ३० ला १४० करायचा हुकूम सुटतो. वाढ एकदम ११० होते आणि त्या जागेपासून आत धुक्यासारखा पांढुरका डाग शिरतो. उलट बाजूनंही तेच. रंकाळ्याच्या फोटोत रेघ काठाच्या काळ्या दगडांवरून गेली, तर तिथून शाई सांडल्यासारखा काळपट डाग आत उतरतो. ओळखायची खूण सोपी आहे : डाग एका बाजूनं कडेला चिकटलेला असतो आणि आत जाता जाता फिका होतो. खात्री करायची असेल तर जोडलेल्या चित्रातून गुणलेला मूळ तुकडा वजा करून तो फरकच चित्र म्हणून पाहावा. एकसारखा, हळूहळू बदलणारा रंग दिसला तर ठीक, एखाद्या ठिकाणी भडका दिसला तर रेघ तिथे चुकली आहे. म्हशीच्या मागे काठ येणारच असेल, तर तेवढ्या बाजूला हे तंत्र सोडून साधं कापणंच बरं.

`NORMAL_CLONE` च्या जागी `MIXED_CLONE` हाही एक पर्याय असतो. त्यात प्रत्येक ठिकाणी दोन फोटोंपैकी ज्याचा चढउतार जास्त तीव्र, तो घेतला जातो. नावेचा दोर, भिंतीवरची अक्षरं, जाळी अशा विरळ गोष्टींना तो फार छान लागतो, कारण मधल्या रिकाम्या जागेतून मागचं दृश्य आपोआप दिसतं. म्हशीला मात्र तो अजिबात लावू नका. काळ्या अंगावर चढउतार थोडे, रंकाळ्याच्या लाटांवर भरपूर, त्यामुळे लाटा सरळ म्हशीच्या पोटातून वाहू लागतात.

रंग जुळले तरी पोत जुळत नाही, हे शेवटपर्यंत सांभाळावं लागतं. घाटावरचं पाणी संथ असेल आणि रंकाळ्यावर वाऱ्याची बारीक लाट असेल, तर म्हशीभोवती गुळगुळीत पाण्याचं एक कडं राहतं. रंग अगदी बरोबर, तरी खोटं. एक फोटो मोबाइलवर आलेला, दाबलेला, आणि दुसरा चांगल्या कॅमेऱ्याचा असला तरी हेच होतं. त्यावर समीकरणात इलाज नाही, म्हशीचा फोटो निवडतानाच वाऱ्याचं पाणी शोधावं लागतं. उजेडाची दिशाही बदलत नाही : दुपारी पाठीवर वरून पडलेली चमक संध्याकाळीही वरूनच राहते, आणि शेजारी सूर्य मावळत असतो. म्हणून अशा जोडासाठी मी दुपारच्या फोटोंपेक्षा ढगाळ दिवसाचे फोटो मागून घेतो. त्यांत चमक कमी असते आणि कुठलीही दिशा खपून जाते.

पाण्यातलं प्रतिबिंब मात्र या सगळ्यात आलंच नाही. घाटावरच्या गढूळ पाण्यात ते जवळजवळ नव्हतं, रंकाळ्यात ते दिसायलाच हवं. ते वेगळं करून उलटं बसवायचं आणि लाटेनुसार मोडायचं, ते पुढच्या भागात.