फोनचा नंबर माजलगावचा, माणूस मात्र बेळगावात

घरातल्या फोनवर ०२४४३ ने सुरू होणारा नंबर दिसला की फोन माजलगावहून आला, हे बीड जिल्ह्यात सहज ओळखले जाते. बीड शहराचा कोड ०२४४२ आहे. लँडलाइनची तार ठरावीक एक्स्चेंजपासून ठरावीक घरापर्यंत जाते, त्यामुळे हा कोड गावाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर देतो.

मोबाइलचे तसे नाही. मोबाइल नंबरातील सुरुवातीचे आकडे तो नंबर प्रथम कोणत्या कंपनीला आणि कोणत्या 'सर्कल'साठी दिला गेला, एवढेच सांगतात. मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे. म्हणजे फोनच्या पडद्यावर 'महाराष्ट्र' असे दिसले, तरी माजलगाव की पणजी हे त्यातून कळत नाही. शिवाय जुलै २०१५ पासून देशात कुठेही गेले तरी जुना नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. त्यामुळे आकड्यांवरून सर्कलही खात्रीने सांगता येत नाही.

याचा खरा फटका ऊसतोडीच्या हंगामात बसू शकतो. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. समजा, माजलगाव तालुक्यातील एक कुटुंब बेळगाव जिल्ह्यात फडावर आहे आणि रात्री कोपीवर एका बाईला कळा सुरू झाल्या. नवऱ्याने घाबरून गावाकडे भावाला फोन लावला. भावाने माजलगावातून १०८ फिरवला, तर तो फोन महाराष्ट्राच्या केंद्रात लागतो. रुग्ण मात्र शेजारच्या राज्यात आहे.

हाच फोन नवऱ्याने स्वतः फडावरून केला, तर चित्र वेगळे असते. १०८ किंवा ११२ सारखे आपत्कालीन क्रमांक नंबर कुठला आहे हे न पाहता, त्या वेळी फोन ज्या टॉवरला जोडलेला आहे त्यानुसार जवळच्या केंद्राकडे वळवले जातात. यालाही मर्यादा आहेत. सीमेवर पलीकडच्या राज्याचा टॉवर फोन पकडू शकतो. ग्रामीण भागात एक टॉवर काही किलोमीटरचा परिसर सांभाळतो, म्हणून त्यावरून नेमका फड सापडत नाही.

त्यामुळे फोन लागताच आधी ठिकाण सांगावे: राज्य, तालुका, गाव, कोणत्या कारखान्याची तोड, रस्त्यावरील किलोमीटरचा दगड किंवा जवळची शाळा. फडावर पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी मुकादमाकडून हा पत्ता लिहून घ्यावा आणि गावाकडेही कळवून ठेवावा. म्हणजे फोन गावाकडच्या माणसाने केला, तरी तो समोरच्याला रुग्ण कुठे आहे हे पहिल्याच वाक्यात सांगू शकेल.