पैसे कापले, पण फॉर्म ‘अनपेड’च

एमपीएससीच्या अर्जाची मुदत संपायच्या संध्याकाळी सातारा-सांगलीतल्या कुठल्याही नेट कॅफेत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘खात्यातून गेले, पण इथं अनपेडच दाखवतंय.’ त्यावर शेजारच्या खुर्च्यांवरून सल्लेही लगेच येतात. कोणी म्हणतं, ‘मेसेज आलाय ना, मग झालं.’ कोणी म्हणतं, ‘परत भरू नको, दोनदा जातील.’ तिसरा सांगतो, ‘ती फी नॉन-रिफंडेबल असते, विसर आता.’ तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिला तर सगळ्यात महागात पडणारा.

तासगावचा एक उमेदवार डोळ्यांसमोर धरू. गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा, खुला प्रवर्ग, फी 394 रुपये. मुदत 10 तारखेला रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत. त्यानं 9 वाजून 20 मिनिटांनी यूपीआयनं पैसे भरले. बँकेचा मेसेज आला, स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं आणि शेवटी कोरं पान उरलं. प्रोफाइल उघडून पाहिलं, तर फी भरलेलीच नाही.

गैरसमज: पैसे कापले म्हणजे फी भरली

आपल्या खात्यातून निघालेले पैसे थेट आयोगाच्या खात्यात जात नाहीत. मध्ये पेमेंट गेटवे चालवणारी कंपनी असते. पैसे आधी तिच्याकडे येतात, आणि ‘या अर्जाचे पैसे आले’ हा निरोप ती अर्जाच्या पोर्टलला देते. म्हणजे पैसे जाणं ही एक गोष्ट आणि निरोप पोचणं ही दुसरी. अर्जावर ‘पेड’ दिसतं ते निरोप पोचल्यावर. बँकेच्या मेसेजला पोर्टलच्या लेखी काहीच अर्थ नसतो, कारण पोर्टलला तो दिसतच नाही.

हा निरोप सहसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट आपल्याच ब्राउझरमधून: पैसे भरल्यावर पान आपोआप पोर्टलवर परत येतं, ती ही वाट. त्या क्षणी रेंज गेली, कोणी ‘बॅक’ दाबलं, घाबरून पान रिफ्रेश केलं किंवा मोबाइलवर यूपीआय ॲपमधून परत येताना ब्राउझरच बंद पडला, की ती तुटते. दुसरी वाट गेटवेच्या सर्व्हरकडून थेट पोर्टलच्या सर्व्हरकडे. ती आपल्यावर अवलंबून नसते, पण शेवटच्या दिवशीच्या गर्दीत तिलाही उशीर होतो. याशिवाय दोन्हीकडच्या नोंदींचा नंतर ताळमेळ घातला जातो, आणि काही अर्ज त्यातही ‘पेड’ होतात. त्यामुळे काही मिनिटं ‘अनपेड’ दिसलं म्हणून पैसे बुडाले असं होत नाही. तसंच ते आपोआप ‘पेड’ होईलच असंही नाही.

म्हणूनच एमपीएससीच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, की रक्कम वजा झाल्यावर फी भरल्याची स्थिती प्रोफाइलवर दिसेपर्यंत पान बंद करू नये. ही सूचना वाचणारे थोडे, आणि आठवणारे त्याहून थोडे.

गैरसमज: परत भरलं तर दोनदा जातील, म्हणून थांबावं

थांबायचं की परत भरायचं हे घड्याळ पाहून ठरवायचं. तासगावच्या उमेदवाराकडं अडीच तास आहेत. त्यानं आधी यूपीआय ॲपमधला इतिहास उघडावा. तिथं ‘फेल्ड’ असेल तर निकाल लागला: हा व्यवहार अर्जापर्यंत पोचणार नाही, कापलेले पैसे परत येतील, फी नव्यानं भरावी. ‘पेंडिंग’ असेल तर बँकांमध्येच काहीतरी अडकलंय, थोडी कळ काढावी. ‘सक्सेस’ असेल तर पैसे गेटवेपर्यंत पोचलेत, निरोप राहिलाय. अशा वेळी लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावं, पोर्टलवर पेमेंटची स्थिती तपासायचं बटण असेल तर ते दाबावं, आणि तासभर वाट पाहावी.

साडेदहा वाजले तरी ‘अनपेड’च असेल, तर मात्र परत भरावं, आणि जमल्यास दुसऱ्या मार्गानं, म्हणजे यूपीआय अडलं असेल तर कार्ड किंवा नेटबँकिंगनं. व्यवहार यशस्वी झाला नाही तर मुदतीपूर्वी पुन्हा शुल्क भरा, असं एमपीएससी स्वतःच सांगते. नीट आणि जेईई घेणारी एनटीए तर आपल्या माहितीपत्रकात क्रमच देते: आधी बँक किंवा गेटवेला विचारा, मग एनटीएच्या हेल्पलाइनला, तरीही सुटलं नाही तर दुसऱ्यांदा भरा. जादा आलेली रक्कम हिशेबाचा ताळमेळ झाल्यावर ज्या मार्गानं आली त्याच मार्गानं परत करू, असं तिथं लिहिलेलं असतं. मुदतीत फी जमा नसेल तर उमेदवाराचा विचारच होत नाही. 394 रुपये वाचवायला अख्खी परीक्षा पणाला लावणं हा हिशेब मला कधीच पटला नाही.

एक वाट फार जण विसरतात. एमपीएससीच्या अनेक जाहिरातींत स्टेट बँकेत चलनानं फी भरायची सोय असते, आणि तिची तारीख ऑनलाइन मुदतीच्या एक-दोन दिवस पुढची असते. पण चलनाची प्रत काढायलाही वेगळी मुदत असते. जाहिरातीतल्या या दोन तारखा आधीच पाहून ठेवाव्यात.

गैरसमज: बँकेत तक्रार केली की फॉर्म ‘पेड’ होईल

इथंच खरा घोटाळा होतो. बँक पैसे परत आणू शकते, अर्ज ‘पेड’ करू शकत नाही. अर्ज कायम करणं फक्त पोर्टल चालवणाऱ्याच्या हातात असतं. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत: पैसे परत आले की त्या व्यवहाराच्या जोरावर अर्ज कायम करा असं म्हणायला जागाच उरत नाही. म्हणून आधी काय हवंय ते ठरवावं. दुसऱ्यांदा फी भरून अर्ज ‘पेड’ झाला असेल तर पहिल्या रकमेसाठी खुशाल बँकेकडं जावं. पण मुदत संपली, ॲपमध्ये ‘सक्सेस’ आहे आणि अर्ज वाचवायचाय, अशा वेळी घाईनं बँकेत वादाची तक्रार टाकून पैसे मागे ओढू नयेत. आधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला ईमेल करावा. तोही शक्यतो मुदत संपायच्या आतच. त्यावरची वेळच पुढं आपल्या बाजूनं बोलते.

त्या ईमेलमध्ये अर्ज क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि यूपीआयचा 12 अंकी यूटीआर क्रमांक हवा. सोबत बँक स्टेटमेंटमधली ती नोंद आणि ‘अनपेड’ दाखवणाऱ्या प्रोफाइलचा फोटो. नुसत्या ‘पैसे कापले’ या मेसेजवरून गेटवेला काहीच शोधता येत नाही; शोध यूटीआरवरूनच लागतो. कॉलेजनं स्टेट बँकेच्या एसबीआय कलेक्टवर फी घेतली असेल, तर आपला व्यवहार तिथल्या `Payment History` मध्ये पाहावा. यशस्वी झालेल्या व्यवहाराला `DU` नं सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि पावती पुन्हा छापता येते. ती पावती कॉलेजच्या ऑफिसात दाखवावी.

गैरसमज: फी नॉन-रिफंडेबल, म्हणजे पैसे बुडाले

परतावा मिळत नाही तो अर्जासाठी स्वीकारलेल्या फीचा. वाटेत अडकलेली रक्कम ही फी झालेलीच नसते. तिच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. त्यानुसार यूपीआयनं किंवा ऑनलाइन कार्डानं पैसे कापले गेले, पण घेणाऱ्याकडं पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढं दररोज 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता.

आपल्या उदाहरणात व्यवहार 10 तारखेचा, म्हणून मुदत 15 पर्यंत. पैसे 19 ला आले तर उशीर 4 दिवसांचा आणि भरपाई 400 रुपये, म्हणजे फीपेक्षा 6 रुपये जास्त! मात्र याला मर्यादा आहे. गेटवेनं व्यवहार यशस्वी धरून रक्कम परीक्षा घेणाऱ्याच्या खात्यात जमा केली असेल, तर तो फसलेला व्यवहार राहत नाही. मग परतावा त्या संस्थेच्या हिशेबानंतरच येतो आणि 5 दिवसांचा नियम तिथं दाखवून उपयोग नाही. दोनदा भरलेल्यांचे पैसे कधी चार दिवसांत येतात, कधी महिने लागतात, त्याचं कारण हेच.

बँकेला लेखी तक्रार द्यावी, तक्रार क्रमांक घ्यावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क तक्रार करता येते. आपल्याकडं बऱ्याच घरांचं खातं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असतं. या बँका पूर्वी लोकपाल योजनेत नव्हत्या, पण नोव्हेंबर 2025 पासून त्याही योजनेत आल्या आहेत.

गैरसमज: परतावा माझ्याच खात्यात येणार

पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. नेट कॅफेवाल्यानं स्वतःच्या यूपीआयनं फी भरली आणि तुमच्याकडून रोख घेतले असतील, तर परतावा त्याच्या खात्यात जाईल, आणि बँकेत तक्रारही त्यालाच करावी लागेल. दिवसाला ढीगभर फॉर्म भरणाऱ्या माणसाला तुमचे 394 रुपये कधी आले हे लक्षात राहणं अवघड. त्यात लबाडीच असते असं नाही. त्याच्याकडून यूटीआर त्याच दिवशी लिहून घ्यावा आणि आठवड्यानं जाऊन विचारावं. त्याहून बरं म्हणजे फॉर्म कॅफेत भरला, तरी फी आपल्या किंवा घरच्यांच्या खात्यातूनच भरावी.

दहावी झालेल्यांच्या घरीही हे लक्षात ठेवायला हवं. अकरावीचे प्रवेश 2025 मध्ये पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, त्यात आपले दोन्ही जिल्हे आले. 21 मे रोजी पोर्टल पहिल्याच दिवशी कोलमडलं आणि नोंदणी 26 मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. नोंदणीची फी 100 रुपयेच असली, तरी अर्जाचं पान पैसे भरल्याशिवाय पुढं सरकत नाही.

आणि हेल्पलाइनचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तो जाहिरातीतून किंवा पोर्टलवरूनच घ्या. परतावा देण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. कोणी पिन मागितला किंवा स्क्रीन दिसणारं ॲप घ्यायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 वर कळवा.