पाऊस, काम बंद

साईटवरच्या रोजच्या अहवालात मी सर्वांत जास्त वेळा वाचलेली नोंद एवढीच असते: "पाऊस. काम बंद. मजूर ३५. पोकलेन १." लिहिणाऱ्याने खोटे काहीच लिहिलेले नाही. दिवसभर चिखलात उभे राहून, रात्री आठ वाजता, डोळ्यांवर झापड असताना त्याने ती ओळ खरडलेली असते. तीन वर्षांनी ठेकेदार आणि मालक लवादासमोर बसतात तेव्हा मात्र या ओळीतून कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. पाऊस किती वाजता आला? बंद पडले ते नेमके कुठले काम? पस्तीस माणसे बसून होती की दुसरीकडे राबत होती?

हे नीट कळावे म्हणून एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी शाळेची दुमजली इमारत, पायाचे चोवीस खड्डे, महिना जुलै. अठरा खड्ड्यांची खोदाई झाली आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यात, एफ-१७ ते एफ-२२ या सहा खड्ड्यांत मात्र अपेक्षित खोलीवर मुरूम लागायच्या ऐवजी जुना भराव लागतो. ९ जुलैच्या संध्याकाळी सल्लागाराचा इंजिनिअर येतो, पाहतो आणि म्हणतो, "हे सहा थांबवा, सुधारित ड्रॉइंग पाठवतो." ड्रॉइंग येते १९ तारखेला सकाळी. म्हणजे १० ते १८, असे नऊ दिवस ते काम अडलेले. पोकलेन भाड्याचे, त्याला साईटवर दुसरे काम नाही. ठेकेदार नऊ दिवसांची मुदतवाढ आणि नऊ दिवसांचे भाडे मागतो. समोरचा पक्ष म्हणतो, असे कुणी सांगितलेच नव्हते. पावसाने तुमचे काम तसेही बंद होते आणि पोकलेन तर नादुरुस्त होते.

पहिली नोंद लागते ती सूचनेची. तोंडी सूचना हा साईटचा श्वास आहे, ती थांबणार नाही. म्हणून त्याच संध्याकाळी डायरीत लिहायचे: किती वाजता, कुणी, कुणाला, कुठल्या जागेबद्दल आणि शक्यतो त्याच्याच शब्दांत काय सांगितले, तेव्हा तिथे आणखी कोण होते. "सायं. ५.२०, एफ-१८ जवळ, सल्लागारांचे साईट इंजिनिअर यांनी आमच्या सुपरवायझरला सांगितले की एफ-१७ ते २२ थांबवा, सुधारित ड्रॉइंग येईल. मुकादम हजर." मग हेच वाक्य त्याच रात्री ई-मेलने त्या इंजिनिअरला पाठवायचे. व्हॉट्सॲपवर आलेली सूचनाही डायरीत उतरवून घ्यावी. फोन बदलतात, माणसे नोकरी सोडतात. शिवाय इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते.

मजुरांचा आकडा एकटा निरुपयोगी असतो. पस्तीस म्हणजे किती फिटर, किती सुतार, किती बिगारी आणि कुठल्या कामावर, हे हवे. आपल्या उदाहरणात बारा फिटर होते. पहिले तीन दिवस ते दुसऱ्या खड्ड्यांच्या जाळ्या बांधत होते. काम संपल्यावर १३ तारखेपासून पाच जण बसून राहिले, सात कॉलमच्या सळईवर गेले. हे लिहिलेले असेल तर पाच माणसांची मागणी टिकते. न लिहिता सरसकट बारा मागितले, तर मस्टर, मुकादमाचे बिल आणि त्या दिवसांत झालेले काम एकमेकांशी ताडले जाते आणि पहिल्याच विसंगतीला पूर्ण मागणीवरचा विश्वास उडतो.

यंत्राच्या बाबतीत तीन अवस्था वेगळ्या लिहायच्या: चालले, चालू स्थितीत असून कामाअभावी उभे राहिले, आणि बिघडले. अवर मीटरचे सकाळ-संध्याकाळचे आकडे व भरलेले डिझेल सोबत असले की नोंदीला आधार मिळतो. १६ जुलैला आपल्या पोकलेनचा हायड्रॉलिक पाइप फुटला, दुरुस्ती संध्याकाळी झाली. हे लपवायचा मोह होतो. पण पाइपचे बिल दुकानात असतेच.

आता पाऊस. १४ तारखेला सकाळी सव्वानऊला सुरू झाला, साडेबाराला थांबला. जमीन इतकी ओली की यंत्र खड्ड्याच्या कडेला नेणे धोक्याचे. १५ तारखेला थेंबही नाही, पण दिवसभर पंप लावून खड्ड्यांतले पाणी उपसले. नुसते "पाऊस" लिहिणारा हा दुसरा दिवस हमखास गमावतो, कारण त्या दिवशी पाऊस नव्हताच. शिवाय एक गोष्ट अनेक इंजिनिअरांनाही ठाऊक नसते. हवामान खात्याचा रोजचा पर्जन्यमानाचा आकडा सकाळी साडेआठला घेतात आणि तो मागच्या चोवीस तासांचा असतो. म्हणून १४ तारखेला सव्वानऊला आलेला पाऊस खात्याच्या तक्त्यात १५ जुलैच्या रकान्यात दिसतो. डायरीत वेळ नसेल, तर समोरचा वकील तक्ता दाखवून म्हणेल, १४ ला कोरडे होते, ही डायरी नंतर लिहिली आहे.

हिशेब असा लागतो. एकूण नऊ दिवस. त्यांतले १४ आणि १५ हे दोन दिवस पावसाचे, १६ बिघाडाचा. या तीन दिवशी ड्रॉइंग हातात असते तरी खोदाई झाली नसती. उरले सहा. भाडे या सहा दिवसांचे मागता येते; उरलेल्या तिघांबद्दल कराराच्या अटींप्रमाणे मुदतवाढ मिळू शकते, पैसे सहसा नाहीत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हिंड्रन्स रजिस्टरमध्ये एकावर एक आलेले अडथळे वजा करून निव्वळ दिवस काढण्याचा रकानाच असतो.

अशा डायरीला कायद्यात किती वजन? लवाद मंडळ साक्ष्य कायद्याने बांधलेले नाही, तसे १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम १९ मध्येच म्हटले आहे. तरी कसोटी तीच लागते: घटना ताजी असताना, पाहणाऱ्याने लिहिले का? कोर्टातही साक्षीदाराला आपण त्या वेळी लिहिलेला कागद पाहून स्मरण ताजे करता येते. आठवड्याची डायरी शनिवारी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिली असेल तर ते पानांवरून कळते. चूक झाली तर व्हाइटनर नको. एक रेघ मारून, खालचे वाचता येईल असे ठेवून, सही व तारीख घालायची. प्रत रोज समोरच्या प्रतिनिधीला द्यायची. त्याने सही नाकारली तर तेवढेच, वेळेसह, नोंदवायचे.

मात्र डायरी म्हणजे नोटीस नव्हे. करारात मुदतीत लेखी सूचना द्यायची अट असते. फिडिकच्या १९९९च्या प्रतीत ती घटना कळल्यापासून अठ्ठावीस दिवसांची आहे. डायरीत सगळे लिहूनही ते पत्र गेले नाही, तर मागणी तिथेच अडकू शकते.

आणि सर्वांत जास्त राहून जाते ती शेवटची नोंद. अडथळा सुरू झाल्याचे लिहिलेले असते, संपल्याचे नसते. मग लवादासमोर तो कधी संपला यावर वाद चालतो. म्हणून १९ जुलैला लिहायचे: "सुधारित ड्रॉइंग सकाळी १०.४० ला मिळाले. एफ-१७ ते २२ ची आखणी दुपारी २ ला सुरू. एफ-१७ ची खोदाई ३.१५ ला सुरू, पोकलेन चालू, अवर मीटर वाचले."