दोन नव्हे, ‘दोनदा’

मराठीत ‘दोन’ हा एक शब्द आहे आणि ‘दोनदा’ हा दुसरा. दोन आंबे दाखवता येतात, ‘दोनदा’ मात्र दाखवता येत नाही. ते करावं लागतं. काय दोनदा करायचं हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थही येत नाही. जिना दोनदा चढला, दार दोनदा वाजवलं, असं काहीतरी जोडीला हवंच.

प्रिन्स्टन विद्यापीठातले तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च यांनी १९३०च्या दशकात संख्या मांडल्या त्या अशाच. त्यांच्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये दोन ही वस्तू नाही, दोनदा करणं आहे. तीन म्हणजे तीनदा, पाच म्हणजे पाचदा. एवढ्याच कल्पनेवर बेरीज उभी राहते, पुढे गुणाकार येतो आणि शेवटी संगणकाला करता येईल असं कोणतंही गणित त्यात बसतं.

चर्च मुळात संख्यांच्या मागे नव्हते. १९३२ साली त्यांनी सगळ्या गणिताला पाया म्हणून तर्कशास्त्राची एक नवी मांडणी प्रसिद्ध केली. त्यांचेच विद्यार्थी स्टीव्हन क्लीनी आणि बार्कली रॉसर यांनी १९३५मध्ये दाखवून दिलं की, या मांडणीत अंतर्विरोध आहे. इमारत पडली, पण तिचा एक भाग शाबूत राहिला. फंक्शन कसं लिहायचं आणि ते कसं वापरायचं, एवढंच सांगणारा हा भाग म्हणजेच लॅम्डा कॅल्क्युलस.

त्यात तीनच गोष्टी आहेत. x किंवा f यांसारखी नावं. ‘X घेऊन अमुक दे’ असं सांगणारं फंक्शन, जे `λx. …` असं लिहितात. आणि एखादं फंक्शन कशाला तरी लावणं, जे नुसतं शेजारी लिहून दाखवतात. `f x` म्हणजे x ला f लावलं. हिशेब करण्याचा नियमही एकच आहे. `λx` असलेलं फंक्शन एखाद्या गोष्टीला लावलं की, आत जिथे जिथे तो x आहे तिथे ती गोष्ट ठेवायची. बेरजेचं चिन्ह या भाषेत नाही, आकडे नाहीत, ‘जर-तर’सुद्धा नाही.

मग आकडे आणायचे कुठून? इथे ‘दोनदा’ कामी येतं. f म्हणजे एक पायरी चढणं आणि x म्हणजे आपण उभे आहोत ती पायरी, असं समजू.

```
0 = λf.λx. x
1 = λf.λx. f x
2 = λf.λx. f (f x)
3 = λf.λx. f (f (f x))
```

तिसरी ओळ मोठ्याने वाचली तर ती असं म्हणते: मला कोणतीही कृती द्या आणि सुरुवातीची जागा द्या, मी ती कृती दोनदा करीन. पहिल्या ओळीतलं शून्य कृती हातात घेतं आणि ती एकदाही करत नाही. जिथे उभं होतं तिथेच राहतं. गंमत अशी की, चर्च यांच्या मूळ पद्धतीत हे शून्य चालत नव्हतं. घेतलेलं प्रत्येक नाव आत कुठेतरी वापरलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता आणि शून्य तर f ला हातच लावत नाही. म्हणून त्यांचे आकडे एकपासून सुरू होत. शून्यापासून मोजण्याची आजची पद्धत नंतरची.

आता बेरीज. दोन अधिक तीन म्हणजे काय, हे जिन्यावर उभं राहून विचारलं तर उत्तर सोपं आहे. आधी तीन पायऱ्या चढा, मग जिथे पोचाल तिथून आणखी दोन चढा. सूत्र नेमकं हेच सांगतं:

```
add = λm.λn.λf.λx. m f (n f x)
```

कंसातला `n f x` म्हणजे x पासून n पायऱ्या चढून पोचलेली जागा. तिथून m पायऱ्या चढायच्या आहेत, म्हणून बाहेर `m f`. m च्या जागी दोन आणि n च्या जागी तीन ठेवून हा हिशेब पुढे नेऊ:

```
add 2 3
→ λf.λx. 2 f (3 f x)
→ λf.λx. 2 f (f (f (f x)))
→ λf.λx. f (f (f (f (f x))))
```

शेवटच्या ओळीतले f मोजले तर सुरुवातीच्या `λf` मधला सोडून पाच भरतात. म्हणजे ‘पाचदा’. वाटेत कुठेही कोणी मोजलं नाही, हातचा घेतला नाही. फक्त एका गोष्टीच्या जागी दुसरी ठेवत गेलो आणि बेरीज आपोआप झाली. हे सौंदर्य एकदा कागदावर अनुभवलं की विसरत नाही.

पायथन या भाषेत फंक्शन लिहिण्याचा `lambda` हा शब्द चर्च यांच्या याच चिन्हावरून आला. त्यामुळे वरचं सूत्र तिथे जवळजवळ जसंच्या तसं चालतं:

```
two = lambda f: lambda x: f(f(x))
three = lambda f: lambda x: f(f(f(x)))
add = lambda m: lambda n: lambda f: lambda x: m(f)(n(f)(x))
print(add(two)(three)(lambda k: k + 1)(0))
```

पडद्यावर 5 येतो. शेवटच्या ओळीत ‘एक मिळवणं’ ही कृती दिली आणि सुरुवात शून्यापासून केली, म्हणून उत्तर आपल्या ओळखीच्या आकड्यात आलं. त्याऐवजी ‘एक उभी रेघ जोडणं’ ही कृती आणि सुरुवातीला कोरी ओळ दिली, तर पाच रेघा मिळतील. ‘पाचदा’ला कृती कोणती याच्याशी देणंघेणं नाही.

हीच बेरीज अगदी वेगळ्या पद्धतीने करणारं एक यंत्र त्याच काळात केंब्रिजमध्ये कागदावर उतरत होतं. २३ वर्षांच्या ॲलन ट्युरिंग यांनी मे १९३६मध्ये आपला निबंध प्रकाशनासाठी दिला. त्यातल्या यंत्राजवळ चौकोनांची लांबच लांब फीत असते. एका वेळी ते एकच चौकोन पाहतं, त्यात खूण करतं किंवा पुसतं आणि डावीउजवीकडे सरकतं. दोन अधिक तीन करायचे तर फितीवर दोन रेघा, मग एक कोरा चौकोन, मग तीन रेघा मांडायच्या. यंत्र उजवीकडे सरकत कोऱ्या चौकोनापर्यंत जातं, तिथे रेघ मारतं, तसंच पुढे शेवटापर्यंत जातं आणि शेवटची एक रेघ पुसतं. उरतात पाच. यासाठी यंत्राला ‘मी आत्ता कोणत्या टप्प्यात आहे’ एवढं सांगणाऱ्या तीन अवस्था पुरतात.

एकीकडे कारकुनासारखं घरंगळत जाणारं यंत्र, दुसरीकडे नुसती अक्षरांची अदलाबदल. दोघांची ताकद सारखी असेल, हे तेव्हा उघड नव्हतं. लॅम्डाच्या बाजूने तर एक मोठी अडचण होती: वजाबाकी.

चढणं सोपं आहे, पण ‘तीनदा’तून एक कमी कसा करायचा? f फक्त पुढे नेतं. त्याला उलटं फिरवण्याची सोय कुठेच नाही. हे या भाषेत जमणारच नाही, असं चर्च यांना जवळजवळ वाटू लागलं होतं. तोड क्लीनी यांना सापडली आणि तीही दाताच्या डॉक्टरकडे अक्कलदाढा काढून घेताना, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवलं आहे. आज ती युक्ती अशी शिकवतात: एका आकड्याऐवजी आकड्यांची जोडी घेऊन चढायचं. सुरुवात (०, ०) पासून. प्रत्येक पायरीला उजवा आकडा डावीकडे आणायचा आणि उजवीकडे त्याच्यापेक्षा एक जास्त लिहायचा. तीनदा केलं की (०, १), (१, २), (२, ३) असं होतं. डावा आकडा पाहा: दोन. मागे न फिरता, सावली एक पाऊल मागे ठेवून वजाबाकी झाली. जोडी हीसुद्धा फंक्शनच असते: दोन्ही गोष्टी जवळ ठेवणारं आणि मागेल त्याला त्या देणारं.

जोड्या मिळाल्या की फीतही मिळते. यंत्राच्या डावीकडचे चौकोन ही एक यादी, उजवीकडचे दुसरी, मधला चौकोन वेगळा, आणि अवस्था म्हणजे एक आकडा. यंत्राचं एक पाऊल म्हणजे या चौघांना बदलून देणारं फंक्शन. यंत्र थांबेपर्यंत ते पुनःपुन्हा लावायचं, त्यासाठी फंक्शनलाच त्याची स्वतःची प्रत पुरवण्याची युक्ती वापरतात. उलट दिशा आणखी सोपी आहे. लॅम्डातलं कोणतंही वाक्य ही शेवटी अक्षरांची ओळ आहे. ती फितीवर लिहिता येते, आणि एका तुकड्याच्या जागी दुसऱ्याची नक्कल उतरवणं हे ट्युरिंग यांच्या यंत्राला जमणारंच काम आहे. चर्च यांचं काम कळल्यावर ट्युरिंग यांनी ऑगस्ट १९३६मध्ये आपल्या निबंधाला पुरवणी जोडली आणि दोन्ही पद्धती सारख्याच ताकदीच्या असल्याच्या सिद्धतेचा आराखडा दिला. सविस्तर सिद्धता १९३७मध्ये आली. तोवर ते प्रिन्स्टनला पोचले होते, आणि १९३८मध्ये त्यांनी चर्च यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. चर्च यांची मांडणी कुर्ट गोडेल यांच्या गळी उतरली नव्हती. ट्युरिंग यांचं यंत्र पाहिल्यावर मात्र त्यांचं समाधान झालं.

ताकद सारखी म्हणजे वेग सारखा नव्हे. चर्च यांच्या पद्धतीत हजार लिहायला हजार f लागतात आणि हजारातून एक वजा करायला हजार वेळा जोडी पुढे सरकवावी लागते. शिवाय काही वाक्यं कधीच संपत नाहीत. `(λx. x x) (λx. x x)` सोडवायला घेतलं तर प्रत्येक वेळी तेच वाक्य पुन्हा समोर येतं. फितीचं यंत्रही असंच अनंतकाळ फिरत राहू शकतं. दिलेला हिशेब संपेल की नाही, हे सर्वांसाठी आधीच सांगणारी रीत अस्तित्वातच नाही, आणि हे या दोघांनी १९३६मध्ये आपापल्या भाषेत सिद्ध केलं.

हाताने सोडवताना एक चूक मात्र हमखास होते. दोनला दोन लावून पाहा, म्हणजे `2 2`. अर्थ असा की, ‘दोनदा करणं’ हेच दोनदा करा; उत्तर चार यायला हवं. पहिल्या पावलाला `λx. 2 (2 x)` मिळतं. आता आतला `2 x` सोडवताना घाईने `λx. x (x x)` लिहिलं की सगळं बिघडतं. बाहेरून आलेला x आणि दोनच्या स्वतःच्या पोटातला x ही दोन वेगळी माणसं, केवळ नावं जुळल्यामुळे एक होऊन बसली. कंसात `x x` असं स्वतःलाच लावलेलं नाव दिसलं की, गफलत झाली असं समजावं. उपाय म्हणजे आतल्याचं नाव आधी बदलायचं: `λy. x (x y)`. मग पुढची पावलं बिनचूक पडतात आणि शेवटी `λx.λz. x (x (x (x z)))` येतं, म्हणजेच ‘चारदा’.

पेन्सिल हाताशी असेल तर `2 3` आणि `3 2` ही दोन्ही वाक्यं याच रीतीने सोडवून पाहा. एकाचं उत्तर ९ येतं, दुसऱ्याचं ८. कुठल्याचं कोणतं, ते f मोजल्यावर कळेल.